नुसत्या तुरीचा तुकडा कुठे आहे?

“सोयाबीन तर कमीच उतरलं, मग आंतरपिकानं फायदा झाला असं कसं म्हणता?”

सहकारी संस्थेच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा एकदा लिहितो. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर अशी पेरणी असल्यावर सोयाबीनच्या एक तृतीयांश ओळी मुळातच गेलेल्या असतात. दहा गुंठ्यांत नुसते सोयाबीन 200 किलो झाले आणि आंतरपिकातले 150, म्हणजे दोन तृतीयांश ओळींतून पाऊण उत्पन्न आले. त्यात 72 किलो तूर वेगळी. नुसत्या तुरीचे 120 किलो धरले, तर 0.75 आणि 0.60 मिळून जमीन समतुल्य गुणोत्तर 1.35 येते. एवढाच माल वेगवेगळा पिकवायला साडेतेरा गुंठे लागले असते.

पत्रकावर मी ‘35 टक्के फायदा’ असे ठळक छापले, ते याच हिशेबावर.

तूर मोजण्याच्या दिवशी बांधावर तुमच्यातल्याच एका काकांनी विचारले, “साहेब, नुसत्या तुरीचा तुकडा कुठं आहे?” मी शेजारच्या शेताकडे बोट दाखवले. ते वाकले, आमच्या प्लॉटमधले ढेकूळ चुरले, मग बांध ओलांडून तिकडचेही चुरले आणि दोन्ही मुठी माझ्यापुढे उघडल्या. एकीत काळी, चिकट माती होती आणि दुसरीत मुरमाड. त्या शेतातली पेरणीही नऊ दिवस उशिराची होती. काका पुढे काही बोलले नाहीत, आणि मी वजनकाट्याकडे बघत राहिलो.

जागा कमी होती, म्हणून नुसत्या तुरीचा तुकडा मी आखलाच नव्हता. 120 हा आकडा त्या मुरमाड शेतातला होता. आमच्या मातीत तूर 144 किलो झाली असती, तर तुरीचा वाटा 0.60 वरून 0.50 वर आणि गुणोत्तर 1.25 वर आले असते. तरीही फायदाच, असे मी त्या रात्री स्वतःला समजावले. पण या गुणोत्तरात दिवस मोजलेले नसतात. सोयाबीन 100 दिवसांत रान मोकळे करते आणि तूर 170 दिवस अडवून ठेवते. प्रत्येक वाट्याला त्या पिकाच्या दिवसांनी गुणून बेरजेला 170 ने भागले, म्हणजे दिवस धरले, तर 1.35 चे 1.04 होते आणि 1.25 चे 0.94, म्हणजे तोटा. सोयाबीननंतर ज्यांना हरभऱ्यापुरते पाणी आहे, त्यांना हा दुसरा हिशेब लागू पडतो. ज्यांचे रान नंतर तसेही पडून राहते, त्यांना पहिला.

सोयाबीन कमी आले म्हणून आंतरपीक फसले, हे मला आजही पटत नाही. मात्र ‘35 टक्के’ ही ओळ कृपया खोडून वाचावी. पुढच्या हंगामासाठी त्याच काळ्या रानात, त्याच दिवशी पेरायला, नुसत्या तुरीसाठी दहा गुंठे मिळावेत ही विनंती.

आपला,
प्रात्यक्षिक पाहणारा कृषी पदवीधर