उंबरठ्याखाली नऊ इंच

नोटीस आली त्या दिवशी गुरुजी छत्री झटकत ऑफिसात शिरले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "वकीलबाई, एकच ओळ लिहा. माझ्या भिंतीचा काही संबंध नाही."

आमच्या तालुक्याच्या गावात जुलैत अशा नोटिसा येतातच. ही चार पानांची होती. गुरुजींनी तीन वर्षांपूर्वी दोन घरांमधला जुना गडगा काढून तिथे सिमेंटात चिऱ्याची भिंत बांधली. शेजाऱ्याचं म्हणणं असं, की त्या भिंतीने पाणी अडलं, घरात शिरलं, कपाटं आणि धान्य भिजलं. पंधरा दिवसांत भिंत पाडा आणि एक लाख ऐंशी हजार भरपाई द्या.

उत्तराचा साचा माझ्या हाताला पाठ आहे. 'नोटिशीतील संपूर्ण मजकूर खोटा, लबाडीचा व खोडसाळ असून आमचे अशिलांस मान्य व कबूल नाही.' हे वाक्य टाइप करून मी थांबले, कारण शेजाऱ्याचं घर वरच्या अंगाला आहे आणि गुरुजींचं खाली. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात सातव्या कलमाखाली उदाहरणं दिली आहेत. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहत असेल तर ते खालच्याने वाहू द्यायला हवं, असं त्यातलं एक सरळ सांगतं. त्यासाठी ओहोळ असावा लागत नाही की वीस वर्षांची वहिवाट दाखवावी लागत नाही. म्हणजे 'भिंत माझ्या हद्दीत आहे, मी काहीही बांधेन' हे गुरुजींचं लाडकं उत्तर आम्हालाच बुडवणारं होतं. गडगा म्हणजे नुसते रचलेले दगड, फटीफटीतून पाणी पाझरतं. सिमेंटची भिंत ते अडवणारच, मोऱ्या ठेवल्या नसतील तर.

"तीन मोऱ्या ठेवल्यायत," गुरुजी म्हणाले. "आणि त्या दिवशी अतिवृष्टी होती, तेही लिहा."

अतिवृष्टीचा मोह प्रत्येक अशिलाला होतो. पण महसूल खातं चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं आणि कोकणात जुलैत तेवढा पाऊस कितीदा तरी पडतो. ज्या पावसाची दरवर्षी खात्री असते, त्याला दैवी आपत्ती म्हटलं तर न्यायाधीश चष्म्यावरून बघतात.

नोटीस पाठवणारे वकील बारमधलेच. त्यांना फोन केला. "बघून जा की," ते म्हणाले, "माझ्या अशिलाला सांगून ठेवतो." दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला आणि मी गवंड्याला घेऊन गेले. घाई यासाठी, की गढूळ पाण्याची भिंतीवर उठलेली रेघ दोन जोरदार सरींत धुऊन जाते. आडोशाच्या कोपऱ्यात, वळचणीखाली तेवढी टिकते.

गवंड्याकडे पारदर्शक नळी होती, आपली नेहमीची लेव्हलची. त्याने ती पाण्याने भरली आणि उजेडाकडे धरून बुडबुडा राहिला नाही ना ते पाहिलं. बुडबुडा राहिला तर नळी खोटं बोलते. एक टोक घराच्या भिंतीवरच्या रेघेला लावायचं होतं. धरायला माणूस नव्हता. शेजारी दारात हाताची घडी घालून उभे होते, तेच पुढे आले. "द्या इकडे," म्हणाले. ज्याने आमच्यावर नोटीस पाठवली त्याने नळीचं एक टोक धरलंय आणि दुसरं टोक बावीस फुटांवर भिंतीशी गवंड्याच्या हातात, असं दृश्य मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

घरातली रेघ उंबरठ्याच्या वर चार इंच होती. भिंतीवरची रेघ उंबरठ्याच्या पातळीपेक्षा नऊ इंच खाली निघाली.

हा तेरा इंचांचा फरकच सगळं सांगत होता. साचलेलं पाणी सपाट असतं. भिंतीने अडलेलं पाणी तुंबत तुंबत घरात शिरलं असतं, तर भिंतीपासून घरापर्यंत रेघ एकाच पातळीत यायला हवी होती. इथे भिंतीपाशी तुंबलेलं पाणी उंबरठ्याला पोचलंच नव्हतं. घरातलं पाणी दुसरीकडून आलं होतं आणि भिंतीकडे उतरत होतं.

कुठून, ते गवंड्यानेच दाखवलं. रस्त्याकडेच्या दोन फूट रुंद गटारावर शेजाऱ्यांनी गाडी आत घ्यायला सिमेंटचा उतार केला होता आणि खालून सहा इंचांचा पाइप टाकला होता. पाइपाच्या तोंडाशी पिशव्या, नारळाच्या सोडणी आणि एक चप्पल अडकलेली होती. गटार भरून गेटातून आत वळलं होतं. गेटाच्या खांबावरची रेघ सगळ्यांत उंच होती.

मी खूश होऊन गुरुजींच्या बाजूने मोऱ्या बघायला गेले. पहिली मोकळी, दुसरी मोकळी. तिसरीत चिरा बसवलेला.

"हे काय गुरुजी?"

"त्यांच्या कोंबड्या येतात हो. वाफे उकरतात."

मी काही बोलले नाही, फोटो काढला. मग घरात नेऊन सांगितलं, की चिरा आजच्या आज काढा आणि जाळी लावा. तीनही मोऱ्या मोकळ्या होत्या असं मी लिहिणार नाही. कोर्टात प्रकरण गेलं आणि समोरच्याने तो चिरा दाखवला, तर आमचं खरंही कोणी ऐकणार नाही. गुरुजी गप्प बसले. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला स्वतःची चूक लाल शाईत दिसली, की तो थोडा वेळ कुणाशी बोलत नाही.

उत्तर पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. साच्यातलं वाक्य काढून टाकलं. भिंत बांधली हे कबूल, ती हद्दीत आहे हे कबूल, भिंतीपाशी काही पाणी थांबलं तेही कबूल. नाकारलं ते एवढंच:

'आपले अशिलांचे समक्ष घेतलेल्या मोजमापानुसार भिंतीवरील पाण्याची खूण त्यांचे घराचे उंबरठ्यापेक्षा नऊ इंच खाली आहे. सबब भिंतीलगत थांबलेले पाणी घरात शिरले हे म्हणणे आमचे अशिलांस मान्य नाही. आपले अशिलांनी गटारावर बांधलेल्या उतारामुळे गटाराचे पाणी त्यांचे आवारात वळले, असे जागेवरील खुणांवरून दिसते. आमचे अशील आपले सर्व हक्क अबाधित ठेवून मोऱ्यांना जाळ्या बसवीत असून त्या नियमित साफ ठेवतील. ही कृती जबाबदारीची कबुली समजू नये.'

एक पान झालं. रजिस्टर एडीने पाठवलं, सोबत फोटो आणि गवंड्याने सही केलेला मोजमापाचा कागद. दावा झालाच असता, तर हेच मोजमाप कोर्ट कमिशनरकडून करून घ्यायला मी अर्ज देणारच होते.

गुरुजींना ते उत्तर फार मवाळ वाटलं. "खोडसाळ तरी ठेवायचा होतात," म्हणाले.

पंधरा दिवस गेले, मग महिना. समोरच्या वकिलांनी बाररूममध्ये चहा पिताना एवढंच विचारलं, "ती तेरा इंचांची भानगड मला परत एकदा समजावून सांगा." मी कागदावर काढून दाखवली. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या मे महिन्यात गुरुजी आंब्याची पेटी घेऊन आले. शेजाऱ्यांनी गटारावरचा उतार फोडून लोखंडी जाळी टाकलीय म्हणाले. आणि कोंबड्या?

"आता गेटातून येतात," गुरुजी म्हणाले. "त्याला नोटीस देता येते का?"