पाऊण तासाचे नळ आणि एक इंचाचा पाइप

नागपुरात प्लंबिंगची कामं घेतो त्याला पंधराएक वर्षं झाली. मे महिन्यात सगळ्या फोनवर एकच तक्रार असते, टाकी भरत नाही. कूलरलाच रोज दोन-चार बादल्या लागतात, आणि नळ येतात ते पाऊण तास. मानेवाड्याकडच्या एका घरून असाच फोन आला. घरमालक गणिताचे निवृत्त शिक्षक. गच्चीवर हजार लिटरची टाकी, नळ असेपर्यंत ती जेमतेम दोन-तृतीयांश भरायची.

मी जाईपर्यंत सरांनी वहीत हिशेब मांडून ठेवला होता. जुना पाइप अर्ध्या इंचाचा, आतून दीड सेंटिमीटर. गच्चीवर पाइपाच्या तोंडाशी वीस लिटरची बादली त्यांनी 80 सेकंदांत भरून पाहिली होती, म्हणजे सेकंदाला 250 मिलिलिटर. दीड सेंटिमीटर रुंदीच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे 1.77 चौरस सेंटिमीटर. 250 ला 1.77 ने भागलं की वेग मिळतो, सेकंदाला 141 सेंटिमीटर. दर सेकंदाला पाइपातून 141 सेंटिमीटर लांबीची पाण्याची कांडी बाहेर पडते, असं समजा. हजार लिटरला लागतात 4000 सेकंद, 67 मिनिटं.

"आता आपण एक इंची घालू," सर म्हणाले. "अडीच सेंटिमीटर रुंदी, क्षेत्रफळ 4.91. गुणिले 141 केलं की सेकंदाला 692 मिलिलिटर. टाकी 24 मिनिटांत भरेल."

गुणाकार बरोबर होता. रुंदीचा वर्ग घ्यायला ते विसरले नव्हते, बाहेरचं माप न घेता आतलं घेतलं होतं. मीटरपासून गच्चीपर्यंतचा पाइप मी बदलून दिला. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. खर्च त्यांचा झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आले तेव्हा आम्ही दोघं गच्चीवर होतो. रुंद तोंडातून पाणी आलं, पण धारेला जोरच नव्हता. आधी ती तोंडापासून लांब उडायची, आता कडेवरूनच खाली वाकत होती. बादलीला 70 सेकंद लागले. सर घड्याळाकडे बघतच राहिले. "दहाच सेकंद वाचले?"

मग त्याच वहीत मी उलटा हिशेब मांडला. वीस लिटर 70 सेकंदांत, म्हणजे सेकंदाला 286 मिलिलिटर. भागिले 4.91, वेग 58 सेंटिमीटर. पाइप रुंद झाला आणि वेग 141 वरून 58 वर उतरला. पुस्तकातल्या उदाहरणात रुंदी आणि वेग दोन्ही दिलेले असतात. एक बदलला तरी दुसरा जागेवर राहील, असं तिथे धरून चालतं. इथे फेरूल, म्हणजे रस्त्याखालच्या लाइनीतून घराचं कनेक्शन जिथून निघतं तो जोड, तिथून मीटरपर्यंतचा पाइप आणि मीटर, सगळं अर्ध्या इंचाचंच होतं. जेवढं पाणी तिथून निघेल तेवढंच पुढे येणार. पुढचा पाइप रुंद असेल तर तेच पाणी हळू सरकतं. दहा सेकंद वाचले ते घरातल्या पाइपाचं घर्षण कमी झालं म्हणून.

मी सरांना अंगणात नेलं. मीटरजवळचा टी उघडून तीच बादली लावली. 45 सेकंद! कनेक्शन तेच, पण गच्चीची सहा मीटर उंची चढायची नाही, त्यामुळे चढण्यात खर्च होणारा दाब पाणी ढकलायला उरतो. सेकंदाला 444 मिलिलिटर, पाऊण तासात जवळपास 1200 लिटर. गच्चीवर नव्या पाइपातूनही एवढ्या वेळात 770 लिटरच चढत होतं.

शेजारच्यांनी टिल्लू पंप थेट लाइनीला लावायचा सल्ला दिला होता. तो मी ठामपणे नाकारला. ते नियमात बसत नाही, शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं, आणि लाइन कुठे फुटलेली असेल तर बाहेरचं घाण पाणीही आत येतं. मोठं कनेक्शन हवं असेल तर रीतसर अर्ज करावा लागतो, त्याला वेळ लागतो. म्हणून अंगणात जमिनीलगत हजार लिटरची दुसरी टाकी ठेवली, बॉलकॉक बसवला आणि तिथून पंपाने पाणी गच्चीवर चढवलं. घातलेला एक इंची पाइप पंपाच्या डिलिव्हरीला कामी आला, तेवढा तरी वाया गेला नाही.

सरांनी मात्र हिशेब आधी करून ठेवला होता: हजार भागिले 0.444, म्हणजे 2250 सेकंद, साडेसदतीस मिनिटं. टाकी भरत आली की बॉलकॉक धार बारीक करतो, म्हणून त्यांनी दोन-तीन मिनिटं वरची धरली. पहिल्या सकाळी मी हजर होतो. बॉलकॉक चाळिसाव्या मिनिटाला बंद झाला, नळ जायला अजून पाच मिनिटं होती. काकूंनी तेवढ्यात कूलर भरून घेतला.