पापेनो ते तुपाई: बुडत्या डोंगराभोवती वर चढणारं प्रवाळ

ताहितीच्या ईशान्य किनाऱ्यावर, पापेनोजवळ, काळ्या वाळूत उभं राहिलं की लाट थेट पायाशी येऊन फुटते. समोर प्रवाळाचा बांध जवळजवळ नाहीच. वाळू बेसाल्टची, म्हणून काळी. फ्रेंच पॉलिनेशियाचा प्रवास मी मुद्दाम इथून सुरू केला, कारण मला सोसायटी बेटं वयाच्या क्रमाने पाहायची होती. ताहितीच्या पूर्वेला मेहेतिया बेटाच्या आसपास पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येतो आणि नवी बेटं जन्मतात. पॅसिफिकचा तळ ती बेटं वर्षाला साधारण 11 सेंटिमीटर वेगाने वायव्येकडे वाहून नेतो. त्यामुळे आग्नेयेकडून वायव्येकडे गेलं की एकाच बेटाचं बालपण, तारुण्य आणि म्हातारपण ओळीने दिसत जातं. तुम्हीही हाच क्रम ठेवा. बरेच जण थेट बोरा बोराला उतरतात. त्यांना गोष्ट मधूनच कळते.

ताहितीचं शिखर ओरोहेना 2,241 मीटर उंच आहे. काही ठिकाणी प्रवाळाची भित्ती किनाऱ्याला चिकटलेली, काही ठिकाणी थोडी सुटलेली, आणि पापेनोसारख्या जागी तुटलेली. बेट अजून तरुण आहे.

फेरीने अर्ध्या-पाऊण तासात मूरिया. तिथे बेलव्हेदेरच्या सज्ज्यावर सकाळी लवकर जा; दुपारी ढग डोंगर झाकतात. खाली दोन खोल उपसागर आहेत आणि त्यांच्या पलीकडे साधारण एक किलोमीटरवर पांढऱ्या लाटांची रेघ. तीच भित्ती, किनाऱ्यापासून सुटून उभी राहिलेली. 1835 च्या नोव्हेंबरात डार्विनने ताहितीच्या डोंगरावरून हेच बेट पाहिलं आणि त्याला चौकटीतलं चित्र आठवलं: बेट म्हणजे चित्र, भित्तीच्या आतलं शांत पाणी, लगून, म्हणजे भोवतीचा कोरा कागद, फुटणाऱ्या लाटा म्हणजे चौकट. भित्ती वर चढते आणि बेट खाली जातं, हा विचार मात्र त्याने प्रत्यक्ष प्रवाळभित्ती बघण्याआधीच, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असताना मांडला होता.

सज्ज्यावरून आणखी एक गोष्ट बघा. भित्तीतल्या फटी, म्हणजे तोंडं, नेमकी उपसागरांच्या समोर आहेत. आदल्या रात्री पाऊस झाला होता, आणि नदीच्या तोंडाशी गढूळ पाण्याची जीभ समुद्रात शिरलेली मला दिसली. गोडं पाणी आणि गाळ प्रवाळाला सोसत नाही, म्हणून तिथे भिंत उभी राहत नाही. हिमयुगात समुद्र खाली गेला होता, तेव्हा याच नद्यांनी भित्तीतून दऱ्या कापल्या. त्याही इथे कामी आल्या.

बेट बुडतं कशामुळे? लाव्हा वर येतो त्या उष्ण जागेपासून दूर जाताना खालचा तळ थंड होतो, जड होतो आणि खचतो; शिवाय डोंगराचं स्वतःचं वजन असतंच. ताहितीजवळ हा वेग वर्षाला साधारण पाव मिलिमीटर आहे, म्हणजे हजार वर्षांत 25 सेंटिमीटर. निरोगी भित्ती वर्षाला काही मिलिमीटर उंची सहज गाठते, त्यामुळे ती मागे पडत नाही. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाला उजेड लागतो, म्हणून त्याची खरी वाढ वरच्या 30-40 मीटर पाण्यातच होते. पायाखालची जमीन खचली की जुन्या सांगाड्यांवर नवे सांगाडे चढत जातात.

पण मग लगून रुंद का होत जातं? हे मी मूरियात वहीवर मांडून पाहिलं. ज्वालामुखीचा उतार 10 अंश धरा. बेट 100 मीटर बुडालं तर किनारा आत सरकेल जवळपास 570 मीटर. भित्ती मात्र जिथे सुरू झाली त्याच जागी सरळ वर चढते. मधल्या भागात गाळ साचतो आणि समुद्राचं ताजं पाणी कमी पोहोचतं, म्हणून तिथे वाढ मंद असते. बाहेरच्या कडेवर लाटा प्राणवायू आणि अन्न आणून देतात, म्हणून कड जोमाने वाढते. भित्ती आणि किनारा यांच्यातलं हे अंतर म्हणजे बेट किती बुडालं याची खूण.

बोरा बोरावर ही खूण ठळक दिसते. तीस लाखांहून जास्त वर्षांचं बेट, ओतेमानू शिखर 727 मीटर, आणि रुंद लगूनमध्ये जहाजांना शिरायला पश्चिमेला एकच तोंड. विमानतळ बेटावर नाहीच, भित्तीवर साचलेल्या वाळू-खड्यांच्या पट्टीवर, म्हणजे मोतूवर आहे. तिथून बोटीने गावात यायचं. मी इथे एकच दिवस काढला.

माउपिती मात्र सोडू नका. साधारण चाळीस लाख वर्षांचं हे बेट, शिखर जेमतेम 380 मीटर. वर चढायला चांगला दम लागतो, शेवटी दोर धरावा लागतो, पण माथ्यावरून पूर्ण कडं दिसतं: मध्ये छोटा उरलेला डोंगर, भोवती त्याच्यापेक्षा मोठं लगून. तेरेइया किनाऱ्यावरून ओहोटीला कमरेइतक्या पाण्यातून मी समोरच्या मोतूवर चालत गेलो. बाहेरच्या बाजूला गेलो तेव्हा वादळी लाटांनी फेकलेले प्रवाळाचे ठोकळे रचून ठेवल्यासारखे पडले होते. एक उचलला तर त्यावर गुलाबी खरखरीत थर. हे चुन्याचं शैवाल सुट्या तुकड्यांना सिमेंटसारखं जोडतं. ते नसतं तर लाटांनी कड फोडून टाकली असती. पायात जाड तळव्याचे बूट हवेतच. वाळूवरच पाय ठेवा, जिवंत प्रवाळावर नको.

माउपितीचं एकमेव तोंड दक्षिणेला आहे आणि तेच अडचणीचं. लाटा भित्तीवरून पाणी आत लोटतात, आणि ते सगळं त्या एका फटीतून बाहेर पडतं. दक्षिणेकडून मोठी लाट आली की आत येणारी लाट आणि बाहेर जाणारी ओढ समोरासमोर भिडतात. माझी परतीची बोट त्यामुळेच निघाली नाही, दोन दिवस थांबावं लागलं. मे ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर दोन मोकळे दिवस हाताशी ठेवा आणि पुढचं महत्त्वाचं विमान त्याला चिकटून घेऊ नका. मोठी हॉटेलं नाहीत, घरगुती मुक्काम आधी ठरवावा लागतो. पॅसिफिक फ्रँक रोख जवळ असू द्या.

एक गैरसमज माझाही होता. आजचं कडं लाखो वर्षांत अखंड चढत आलं, असं मी समजायचो. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्र 120 मीटर खाली होता. तेव्हा या भित्ती उघड्या चुनखडीच्या टेकड्या होत्या, आणि पावसाने त्यांचा मधला भाग विरघळवून बशीसारखा केला. समुद्र परत चढल्यावर जुन्या कडेवर नवं प्रवाळ बसलं. आज दिसणारा वरचा थर फक्त काही हजार वर्षांचा आहे. मुळात बेट खचतंय, हे मात्र 1952 मध्ये मार्शल बेटांतल्या एनेवेटाकवर सिद्ध झालं: 1,200 मीटरपेक्षा जाड चुनखडी भेदल्यावर खाली बेसाल्ट लागला, आणि तळाच्या चुनखडीतले जीवाश्मसुद्धा उथळ पाण्यातल्या जीवांचे होते.

शेवटी विमानानेच निघालो. माउपितीहून बोरा बोराकडे जाताना, जागा ठरलेल्या नसतील तर, डावीकडची खिडकी धरा. उत्तरेला तुपाई दिसतं. काचेला कपाळ लावून मी मधल्या निळ्या पाण्यात एखादा सुळका शोधत होतो. कडं तेच, मोतू तेच, पांढरी रेघ तीच. डोंगर कुठेच नव्हता.