आमचं कमिशन सांगणारं पत्र

एका कारखान्याच्या आगीच्या आणि धंदा बंद पडल्याने होणाऱ्या नुकसानाच्या विम्यासाठी दोन कंपन्यांचे कोट आले होते. पहिलीचा प्रीमियम १०० धरला, तर दुसरीचा १०८. विमा ब्रोकर म्हणून आम्ही सुचवत होतो दुसरीच, आणि कारण खरं होतं. कारखान्याची मुख्य मशीन बाहेरून मागवावी लागते, ती यायला आणि बसवायला वर्षाहून जास्त काळ जातो. पहिली कंपनी बंद काळाची भरपाई १२ महिनेच देणार होती, दुसरी १८.

पण पहिलीकडून आम्हाला १२ टक्के कमिशन मिळणार होतं, दुसरीकडून १८. ग्राहकाला पाठवायच्या शिफारशीच्या पत्रात हे लिहायलाच हवं होतं, आणि तेही ग्राहकाने निर्णय घेण्याआधी.

सहकाऱ्याने नेहमीचं वाक्य सुचवलं: ‘आम्हाला विमा कंपन्यांकडून मोबदला मिळू शकतो.’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो. त्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही, आपली फाईल मात्र स्वच्छ दिसते. नुसते टक्के सांगणंही अपुरंच, कारण दुसरीकडे दर जास्त आणि तो लागतो मोठ्या प्रीमियमवर. म्हणून मी थेट रक्कम लिहिली: पहिलीकडून १२, दुसरीकडून सुमारे साडेएकोणीस. आणि हा परिच्छेद शिफारशीच्या लगेच खाली ठेवला, शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांत नाही.

आकडे शेजारी मांडले तेव्हा जे दिसलं, ते अजून मनातून जात नाही. कमिशन वजा केलं, तर पहिल्या कंपनीच्या हातात ८८ उरत होते, दुसरीच्या साडेअठ्ठ्याऐंशी. म्हणजे सहा महिन्यांच्या जादा संरक्षणासाठी दुसरी कंपनी स्वतः जवळजवळ काहीच मागत नव्हती. ग्राहक जे आठ जास्त भरणार होता, त्यातले साडेसात आमच्याकडे येणार होते.

ग्राहकाच्या हिशेबनीस बाईंनी पत्र वाचून फोन केला. ‘कमिशन सारखंच असतं, तरी हीच कंपनी सुचवली असती?’

‘हो. अठरा महिन्यांसाठी.’

‘मग सारखं करून आणा.’

दुसऱ्या कंपनीत प्रीमियम ठरवणाऱ्या अंडररायटरला १२ टक्के कमिशन धरून नवा कोट मागितला. प्रीमियम १०८ वरून १००.६ वर आला, अटी त्याच. ग्राहकाने तोच घेतला. ऑफिसात काहींचे चेहरे पडले. पण ते साडेसात कमावण्यासाठी आम्ही वेगळं काम काय केलं होतं, हे कुणीच सांगू शकलं नाही.

पत्रात आणखी एक ओळ होती: वर्षभरात ठरावीक धंदा दिला, तर दुसरी कंपनी वर्षअखेरीस आम्हाला वेगळा बोनस देते. तो एकूण धंद्यावर ठरतो, त्यामुळे एका पॉलिसीच्या वाट्याला किती येतो, हे आधी काढता येत नाही. बाईंनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं: ‘याचा आकडा?’ मी बोनसच्या पायऱ्या आणि गेल्या वर्षी मिळालेली एकूण रक्कम कळवली. त्यांच्या पॉलिसीपुरता आकडा मात्र अजूनही देता आलेला नाही.