आधी पान जुनं की नवं, ते दिसू द्या

"भाऊ, माशांच्या टाकीचा फोटो पाठवला. रोपांची पानं वितळून राहिली, वर थरही बसला. कोणतं खत टाकू?"

खताचं शेवटी बघू. फोटोत सगळ्यात आधी रंग डोळ्यांत भरतो आणि नेमका तोच सगळ्यात जास्त फसवतो. मोबाइल स्वतःच्या मनानं पिवळेपणा कमी-जास्त करतो, वरून टाकीवरचा निळसर एलईडी. चांगलं हिरवं रोप त्यात फिकट दिसतं. म्हणून मी आधी बघतो ते नुकसान कुठे आहे: बाहेरच्या जुन्या पानांवर, की मधल्या कोवळ्या पानांवर. हे रंग चुकला तरी फोटोत नीट कळतं.

मे महिन्यात येणारा नेहमीचा फोटो घ्या. दोन फुटी टाकी, बोअरचं पाणी, पंधरा दिवसांपूर्वी लावलेलं क्रिप्टो, म्हणजे क्रिप्टोकोरिन हे पाण्यातलं रोप. बाहेरची तीन-चार पानं काचेसारखी पारदर्शक झालेली, कडांच्या चिंध्या, देठ लोंबलेले. मधली दोन छोटी पानं मात्र ताठ. मागे व्हॅलिसनेरियाच्या लांब पात्यांवर पांढुरका थर. आणि खाली मजकूर: "आयर्न कमी आहे का?"

नाही. लोहाची कमतरता कोवळ्या पानात आधी दिसते, कारण रोपाला जुन्या पानातलं लोह काढून नव्याला देता येत नाही. इथे कोवळी पानं धड आहेत. शिवाय कमतरतेचं पान हळूहळू पिवळं पडतं, त्याला आठवडे लागतात. दोन-चार दिवसांत पान पारदर्शक होऊन लगदा झालं, तर ते वितळणं आहे. नर्सरीत हे रोप बहुतेक वेळा मुळं ओली आणि पानं हवेत अशा पद्धतीनं वाढवतात. ती हवेतली पानं पाण्याखाली फार काळ टिकत नाहीत, रोप ती सोडून देतं आणि पाण्यात चालतील अशी नवी पानं काढतं. क्रिप्टो तर यात भारीच नाजूक, नुसतं इथून उपटून तिथे लावलं तरी पानं टाकतं.

रोप जिवंत आहे की मेलं, हे पानांच्या फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी बुडाचा फोटो हवा. रोप उपटू नका, बोटानं खडी थोडी बाजूला करा. बुडखा कडक लागला तर रोप जिवंत आहे. दाबल्यावर पिचला आणि कुजका वास आला तर काढून टाका, नाहीतर तो टाकीतलं पाणीही बिघडवेल. जिवंत असेल तर वितळलेली पानं बुडापासून कात्रीनं कापा आणि दोन ते चार आठवडे जागा बदलू नका. कुजणारी पानं तशीच राहिली की शेवाळाला आयतं खाद्य मिळतं. पुष्कळ जण नेमकं इथेच घाबरून रोप दुसऱ्या कोपऱ्यात लावतात आणि वितळणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

फोटोत न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचं तापमान. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, तेव्हा टाकीचं पाणी ३२-३३ वर सहज जातं. क्रिप्टोला २८ च्या आत बरं वाटतं. काचेला चिकटवायचं थर्मामीटर लावा आणि आकडा फोटोत येऊ द्या. झाकण काढून छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर लावला की दोन-तीन अंश उतरतात. आपली कोरडी हवा इथे कामी येते, कूलर चालतो त्याच कारणानं. पण पाणी रोज उडतं आणि त्यातला क्षार मागेच राहतो. उडालेल्याची भर बोअरच्या पाण्यानं केली तर टाकीतलं पाणी दर आठवड्याला जास्त जड, म्हणजे जास्त क्षाराचं होत जातं. ही भर गावातल्या आरओच्या कॅनमधल्या पाण्यानं करा. आठवड्याला पाणी बदलता, तेव्हा बोअरचं चालेल.

आता त्या व्हॅलिसनेरियावरचा पांढुरका थर. फोटोत तो शेवाळासारखा किंवा बुरशीसारखा वाटतो, आणि लोक औषध ओततात. पातं दोन बोटांत धरून ओढा. खरखरीत लागलं तर तुकडा बाहेर काढून त्यावर लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे आले की तो चुना. जड पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडला की व्हॅलिसनेरियासारखी रोपं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन ओढतात आणि चुना पानावर बसतो. हा रोग नव्हे, पात्याला थोडा उजेड कमी मिळतो एवढंच.

थर तपकिरी असेल आणि बोटानं पुसल्यावर धुरासारखा उडत असेल तर ते डायटम, म्हणजे तपकिरी शेवाळ. नव्या टाकीत होतंच, काही आठवड्यांत जातं. ॲन्युबियाससारख्या सावकाश वाढणाऱ्या रोपाच्या पानावर पुसून न निघणारे हिरवे ठिपके असतील तर दिवा किती तास चालू असतो ते विचारावं लागतं. उत्तर हमखास बारा तास असतं. सात करा.

खरी कमतरता ओळखायची तर त्याच रोपाचं एक जुनं आणि एक कोवळं पान एकाच फोटोत हवं. कोवळं पान फिकट पिवळं आणि शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक: हे लोह. संत्र्याच्या बागेत हीच खूण दिसते, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला ती वेगळी शिकवावी लागत नाही. जुन्या पानात टाचणीएवढी भोकं आणि त्यांच्याभोवती पिवळी कड: बहुधा पालाश. आख्खं जुनं पान सारखंच पिवळं: बहुधा नत्र. हे शेवटचं नुसत्या फोटोवरून पक्कं मानू नका, म्हातारं पानही असंच पिवळं पडून गळतं. एकाच रोपाची तीन-चार पानं एकदम तशी झाली तरच धरा.

कमतरता पक्की झाली तर लागणारी दोन्ही खतं कृषी केंद्रात मिळतात. नत्र आणि पालाशासाठी १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ५० लिटर पाण्याला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. १९:१९:१९ चुकूनही नको, त्यात युरिया आणि अमोनिया असतो, मासे मरतील. लोहासाठी १२ टक्क्यांचं ईडीटीए लोह: १ ग्रॅम पाव लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा, त्यातलं १० मिलि ५० लिटरच्या टाकीला, आठवड्यात तीनदा. एकदम जास्त टाकून उपयोग नाही, कारण आपल्या अल्कधर्मी पाण्यात हे लोह लवकर निकामी होतं. आणि पाकिटावर नुसतं लोह लिहिलंय ना, ते वाचा. मिक्स सूक्ष्म अन्नद्रव्यात तांबं असतं आणि झिंगे त्यानं जातात.

फोटो परत काढाल तेव्हा काचेची आतली बाजू आधी पुसा, नाहीतर काचेवरचं शेवाळ पानावरचं वाटतं. फ्लॅश बंद, खोलीतला दिवा बंद, टाकीचा चालू, मोबाइल काचेला सरळ समोर. पानाशेजारी धुतलेला पांढरा प्लॅस्टिकचा चमचा धरा. चमचा पांढरा दिसला तरच पानाचा रंग खरा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर टाचणीएवढी भोकं फोटोतच बुजतात. बिघडलेलं पान पुन्हा हिरवं होत नसतं, त्यामुळे पुढचा फोटो पंधरा दिवसांनी, आणि तो आज नसलेल्या पानाचा.