ताईंच्या चेहऱ्यावरचे वण

दांडिया बाजारातल्या एका जुन्या मराठी कुटुंबाने आमच्याकडे दोन गोष्टी आणून दिल्या. एक होते 16 मिमीचे कृष्णधवल रीळ आणि दुसरी, त्याच रिळावरून दुसऱ्या गावातल्या एका स्टुडिओने 'साफ आणि फोर-के' करून दिलेली फाइल. घरातल्या दिवंगत ताईंच्या जन्मशताब्दीच्या कार्यक्रमात हे चित्रण मोठ्या एलईडी पडद्यावर दाखवायचे होते. चित्रण 1960च्या दशकातले, वाड्याच्या चौकात झालेल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे. पन्ह्याचे पेले फिरताहेत, बायका ये-जा करताहेत आणि मध्ये यजमानीण म्हणून शिक्षिका असलेल्या ताई वावरताहेत. फाइल सगळ्यांना आवडली होती. ताईंचे धाकटे बंधू, आता ऐंशी ओलांडलेले, तेवढे मात्र ती पाहून म्हणाले होते, "ही आमची ताई नव्हे. ताईच्या तोंडावर देवीचे वण होते."

आमच्या मॉनिटरवर मी ती फाइल लावली, तेव्हा त्या बंधूंचे, म्हणजे काकांचे, म्हणणे पहिल्याच शॉटमध्ये पटले. गाल मेणासारखे गुळगुळीत, डोळ्यांच्या कडा पेनाने आखल्यासारख्या, आणि मागची चुन्याची भिंत इतकी सपाट की तिच्यावर राखाडी छटांचे पट्टे उमटले होते. ग्रेन, म्हणजे फिल्मवरची बारीक कणांची खरखर, पूर्ण काढला की हे पट्टे हटकून येतात, कारण आठ बिटच्या चित्रात हळूहळू बदलणाऱ्या छटांच्या पायऱ्या ग्रेनमुळेच झाकल्या जातात. आमच्या व्यवसायात अशा कामाला प्लॅस्टिक म्हणतात. पण इथे प्रश्न केवळ चकचकीतपणाचा नव्हता. एका माणसाच्या चेहऱ्यावरची खूण नाहीशी झाली होती, आणि ती नेमकी कुठे गेली हे मला शोधायचे होते.

रीळ पुन्हा स्कॅन करून घेतले. स्कॅन करणाऱ्याला लेखी कळवले की यंत्रातली ग्रेन कमी करण्याची सोय बंद ठेवावी. न सांगता ती चालूच राहते असा अनुभव वारंवार येतो, आणि एकदा स्कॅनमध्येच ग्रेन धुतला गेला की पुढे काहीही करता येत नाही. 16 मिमीची चौकट जेमतेम सव्वादहा मिलिमीटर रुंद असते. ती 2048 पिक्सेलमध्ये घेतली की एका पिक्सेलच्या वाट्याला फिल्मवरचे सुमारे पाच मायक्रॉन येतात. चांदीचा सुटा कण याहून बराच लहान असतो, म्हणजे पडद्यावर आपल्याला जो ग्रेन दिसतो, तो कणांचे कमीअधिक दाट जमलेले पुंजके असतात. आमच्या स्कॅनमध्ये असा एक पुंजका दोन-तीन पिक्सेलचा भरत होता.

आता ताईंचा चेहरा घेऊ. मधल्या अंतरावरच्या शॉटमध्ये तो साधारण शंभर पिक्सेल रुंद आहे. खरा चेहरा पंधरा सेंटिमीटर रुंद धरला आणि देवीचा एक वण चार मिलिमीटरचा धरला, तर तो वण पडद्यावर जेमतेम पावणेतीन पिक्सेलचा होतो. म्हणजे वण आणि ग्रेनचा पुंजका एकाच मापाचे, आणि दोन्ही भोवतालच्या त्वचेपेक्षा थोडे गडद. एका फ्रेमपुरते पाहिले तर त्यांच्यात फरक करण्याचा कोणताही मार्ग नाही, माणसालाही नाही आणि यंत्रालाही नाही. जे साधन प्रत्येक फ्रेम सुटी घेऊन गुळगुळीत करते, ते दोन्ही पुसणारच. त्यापुढे मोठे करणारे शिकवलेले मॉडेल लावले, की रिकाम्या झालेल्या गालावर ते आपल्या शिकवणीतली सरासरी त्वचा पसरवते, आणि पाहणाऱ्याला वाटते की चित्र स्पष्ट झाले.

फरक काळात असतो. ग्रेन प्रत्येक फ्रेमला नवा असतो, कारण प्रत्येक फ्रेम म्हणजे फिल्मचा निराळा तुकडा. वण मात्र गालाबरोबर सरकतो. म्हणूनच चित्र थांबवले की वण दिसेनासे होतात आणि चालवले की दिसतात. आमच्याकडचा तरुण सहकारी हाताचा अतिशय सफाईदार आहे, परंतु तो सगळे निर्णय थांबवलेल्या फ्रेमवरून घेतो, आणि हा दोष या धंद्यातल्या बहुतेकांचा आहे, कारण गिऱ्हाइकाला 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन स्थिरचित्रे शेजारी-शेजारी दाखवायची सवय सगळ्यांना लागली आहे. ग्रेनचा न्याय स्थिरचित्रावर होऊच शकत नाही.

आम्ही व्हेपरसिंथ या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एमव्हीटूल्स हे जोडसाधन वापरून हालचालीचा माग काढला आणि मागच्या तीन, पुढच्या तीन आणि चालू अशा सात फ्रेमची सरासरी घेतली. या सरासरीने ग्रेनचा जोर सातच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो, म्हणजे मूळच्या 38 टक्क्यांवर येतो, आणि जे खरोखर चेहऱ्यावर आहे ते जागच्या जागी राहते. इथे एक काळजी घ्यावी लागते. ग्रेन जास्त असला की माग काढणारे गणित ग्रेनच्याच मागे धावते, त्यामुळे माग काढण्यासाठी थोडी पुसट केलेली प्रत द्यायची आणि सरासरी मात्र मूळ फ्रेमची घ्यायची. हे जमले, तेव्हा ताईंच्या डाव्या गालावर एकेक वण वर येऊ लागला. स्कॅनच्या थांबवलेल्या फ्रेममध्ये न दिसणारी गोष्ट आता थांबवूनही दिसत होती.

काय गेले आणि काय राहिले, हे ठरवण्याची माझी पद्धत एकच आहे: मूळ चित्रातून साफ केलेले चित्र वजा करायचे आणि उरलेला भाग कॉन्ट्रास्ट वाढवून पाहायचा. तिथे नुसती एकसारखी खरखर दिसली तर काढला तो ग्रेनच. तिथे पदराचे काठ, चश्म्याची दांडी, भुवईची रेघ असे काही ओळखू येऊ लागले, तर चित्र कापले गेले आहे. सहकाऱ्याने त्याच स्कॅनवर फ्रेमनिहाय पुसणारी पद्धत चालवून दाखवली, आणि त्याच्या उरलेल्या भागात ताईंचा संपूर्ण चेहरा होता, वणांसकट. त्या दिवशी काका आणि त्यांचा पुतण्या आमच्याकडेच बसलेले होते. काका त्या करड्या, भुताटकीसारख्या चित्राकडे बोट करून म्हणाले, "अहो, ताई इथे आहे. तुम्ही हिलाच टाकून देत होता की."

वजा केलेला हा ग्रेन आम्ही टाकून देत नाही. साफ केलेले चित्र पडद्याच्या 2160 ओळींसाठी सुमारे दीडपट मोठे करायचे, काढलेला ग्रेन साध्या बायक्यूबिक पद्धतीने तेवढाच मोठा करायचा, आणि मग तो परत मिसळायचा:

```python
grain = core.std.MakeDiff(src, den)
grain = core.resize.Bicubic(grain, 2880, 2160)
full  = core.std.MergeDiff(big, grain)
out   = core.std.Merge(big, full, 0.6)
```

यातला `src` म्हणजे मूळ स्कॅन, `den` म्हणजे साफ केलेले चित्र, `big` म्हणजे मोठे केलेले साफ चित्र, आणि 0.6 म्हणजे काढलेल्या ग्रेनपैकी 60 टक्के परत. बाहेरून तयार ग्रेन शिंपडणे सोपे असते, पण तो दोन ठिकाणी पकडला जातो. एक तर तो मोठ्या चौकटीतही एकाच पिक्सेलचा राहतो, म्हणून फिल्मऐवजी कमी उजेडात काढलेल्या मोबाइलच्या व्हिडिओसारखा दिसतो. दुसरे, तो सगळीकडे सारखा पसरतो. खरा ग्रेन मधल्या छटांमध्ये उठून दिसतो आणि अगदी पांढऱ्यात किंवा गडद काळ्यात मंदावतो. ताईंच्या पांढऱ्या पातळावर शिंपडलेला ग्रेन मळासारखा दिसला असता. त्यांचा स्वतःचा ग्रेन मात्र जिथे जेवढा होता तिथे तेवढाच परत बसतो.

एका शॉटने त्रास दिला. ताई कुणाच्या तरी हाकेला चटकन मान वळवतात, आणि हे चित्रण सेकंदाला 16 फ्रेमचे असल्यामुळे दोन फ्रेममध्ये चेहरा बराच सरकतो. तिथे माग तुटतो, आणि `thSAD` या मर्यादेपलीकडचा फरक दिसला की सरासरी घेतलीच जात नाही. हे योग्यच आहे, नाहीतर दोन चेहरे एकमेकांत मिसळले असते. पण परिणाम असा, की भिंतीवरचा ग्रेन कमी आणि वळणाऱ्या चेहऱ्यावर मात्र पूर्ण, जणू चेहऱ्यावर मुंग्या धावताहेत. मर्यादा वाढवली असती तर मुंग्या गेल्या असत्या आणि वणही गेले असते. आम्ही उलट केले: त्या शॉटपुरता भिंतीचा ग्रेन 80 टक्के परत आणला, म्हणजे दोघांतला फरक डोळ्यांना खुपेनासा झाला. पुतण्याला हा शॉट इतरांपेक्षा खरबरीत वाटला, आणि तो आहेच.

यानंतर उरते ते कॉम्प्रेशन, आणि इथे माझी तक्रार कार्यक्रमाच्या पडद्याचे काम घेणाऱ्यांविषयी आहे. ग्रेन दर फ्रेमला नवा असल्यामुळे एन्कोडरला तो सर्वांत महाग पडतो, आणि बिटरेट कमी मिळाला की तो प्रथम ग्रेनच फेकतो. मग भिंतीवर चौकोनी ठोकळे सरकताना दिसतात. आम्ही x264 या एन्कोडरमध्ये ग्रेन जपणारा `--tune grain` हा पर्याय लावून भरपूर बिटरेटची फाइल दिली. पडदेवाल्याने ती 'जड आहे' म्हणून स्वतःच्या सोयीने पुन्हा लहान करायला घेतली होती. मी रंगीत तालमीला गेलो नसतो, तर सगळी मेहनत त्या एका बटणाखाली गेली असती.

चौकाच्या दुसऱ्या टोकावरून घेतलेल्या एका शॉटचा विचार मात्र अजून सुटत नाही. तिथे ताईंचा चेहरा चाळीस पिक्सेलचा आहे, म्हणजे वण एका पिक्सेलच्या आसपास येतो. सातही फ्रेमची सरासरी घेऊन, मोठे करून पाहिले. गालावर काहीही नव्हते. पुतण्या म्हणाला की जवळच्या शॉटमधले वण उचलून तिथे बसवा, कोणाला कळणार आहे. मी नकार दिला. फिल्मवर जे उमटलेच नाही ते मी रंगवले, तर त्या दुसऱ्या स्टुडिओने रंगवलेल्या गुळगुळीत गालाला मी नावे ठेवू शकत नाही. पुतण्याला ते पटले नाही, अजूनही नाही.

पण ग्रेन परत मिसळलेला तोच शॉट काकांना चालवून दाखवला, तेव्हा ते लगेच म्हणाले, "हां, इथेही दिसताहेत बघा." मी ग्रेन न मिसळलेला तोच शॉट लावला, तेव्हा त्यांना वण दिसले नाहीत. त्यांची नजर ग्रेनमधून ते उभे करत होती, की माझ्या सरासरीत हरवलेले काही सूक्ष्म त्या ग्रेनमध्ये खरेच शिल्लक होते, हे मला सांगता येत नाही. हलणाऱ्या चेहऱ्याचा माग अर्ध्या पिक्सेलने चुकला तरी एक पिक्सेलचा वण सरासरीत विरून जातो, एवढे मात्र खरे. त्या शॉटची सरासरी आता मी मागची-पुढची एकेकच फ्रेम घेऊन पुन्हा करणार आहे, आणि उरलेल्या भागात गालाच्या जागी काही सातत्याने सरकते का, ते फ्रेमगणिक तपासणार आहे.