चेकआउट झालं, पण बारा हजार अजून अडकलेलेच

आज कोरेगाव पार्कातल्या हॉटेलच्या काउंटरवर हाच घोळ परत झाला. पाहुण्याच्या क्रेडिट कार्डाची शिल्लक लिमिट ५०,०००. चेक-इनला डिपॉझिट म्हणून १२,००० ब्लॉक केले, यालाच प्री-ऑथ म्हणतात. म्हणजे उरले ३८,०००. बिल झालं ८,४००. घाईत काउंटरवरच्या पोराने कार्ड नव्याने स्वाइप केलं आणि लिमिट आली २९,६०० वर. पाहुणा म्हणाला, "दोनदा पैसे कापले!" तर तसं नाही. कापले ८,४००च, १२,००० नुसते धरून ठेवलेत.

खरं तर त्याच प्री-ऑथवर ८,४०० चं 'कम्प्लिशन' करायचं असतं, म्हणजे धरलेल्या रकमेतूनच बिल कापायचं. त्यासाठी पहिल्या स्लिपवरचा सहा अक्षरी अप्रूव्हल कोड लागतो. ती स्लिप सापडत नाही, म्हणून नवीन स्वाइप! तसं केलंच, तर जुनं प्री-ऑथ त्याच मशीनवर व्हॉइड, म्हणजे रद्द, करायला लावा आणि त्याची स्लिप हातात घेतल्याशिवाय रिक्षा बोलावू नका.

नुसतं "सुटेल आपोआप" यावर जाऊ नका. सुटतं, पण बँकेप्रमाणे त्याला कित्येक दिवस लागतात. बँकेला फोन केलात तर ती बहुतेक वेळा हॉटेलकडूनच रिलीजचं पत्र मागते. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, तारीख आणि तोच अप्रूव्हल कोड हवा.

डेबिट कार्ड मात्र डिपॉझिटला देऊच नका. तिथे लिमिट नाही, खात्यातले खरे पैसे अडकतात.